पोस्त महिन्यांवर, पाकीट नावावर

ती. आई-बाबांना
सा. न. वि. वि.

यंदा पोस्तीचे पाच हजार ठरलेत, तर वाटपही आत्ताच कागदावर उतरवू. रात्रीचा वॉचमन जूनमध्ये बदलला आणि पेपर टाकणारा जानेवारीत नव्याने लागला, म्हणून सगळ्यांना सारखं देणं बरोबर होणार नाही.

महिने नोव्हेंबर ते ऑक्टोबर असे मोजा, दिवाळी ते दिवाळी नको. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे तिथीने तेरा महिने भरतात आणि हिशेब घसरतो. पंधरा तारखेच्या आत कामाला लागला तर तो महिना त्याचा धरायचा, नंतर लागला तर पुढच्या महिन्यापासून. गावी गेला, आजारी पडला किंवा पंचगंगेला पूर येऊन दूध पोचलं नाही, म्हणून महिना कापायचा नाही. मात्र बदली माणसाने महिनाभर काम केलं असेल, तर तो महिना बदलीवाल्याचा.

आधी पूर्ण वर्षाचा आकडा ठरवू. दोन्ही वॉचमन प्रत्येकी १५००, जिना झाडणाऱ्या मावशीही १५००, दूधवाला ९००, पेपरवाला ६००. मावशींना वॉचमनपेक्षा कमी द्यायची आपल्याकडची पद्धत मला पटत नाही, आकडा सारखाच ठेवा. याला बारांनी भागून महिन्यांनी गुणलं की दिवसाचा वॉचमन, मावशी आणि दूधवाला यांचे पूर्ण आकडे राहतात. नव्या रात्रीच्या वॉचमनचे पाच महिन्यांचे ६२५ होतात, पेपरवाल्याचे दहा महिन्यांचे ५००. जुन्या रात्रीच्या वॉचमनचे सात महिन्यांचे ८७५ नव्याला द्यायचे नाहीत. तो आता नागाळा पार्कात आहे, बाबा तिकडे फिरायला जातातच, त्यांनी त्याच्याच हातात द्यावेत. तो सापडला नसता, तर ती रक्कम बेरजेतून काढून बाकीच्यांचा हिशेब पुन्हा केला असता.

सिलिंडर आणणारा, घंटागाडीवरची माणसं आणि कुरिअरची पोरं यांना महिन्यांचं गणित लागू पडत नाही. सिलिंडर काही दर महिन्याला येत नाही आणि कुरिअरला दर खेपेला नवा चेहरा असतो. त्यांच्यासाठी ५०० आधीच बाजूला काढा, पन्नासाच्या नोटांत. कुरिअरवाल्यांना आईने चिवड्याची पुडी दिली तरी चालेल.

राहिले ४५००, आणि वरची बेरीज होते ५९००. इथे हमखास चूक होते: यादीच्या वरच्यांना पूर्ण देत खाली येतो आणि पेपरवाल्यापर्यंत पैसे संपतात. त्यापेक्षा प्रत्येक आकड्याला ४५०० ने गुणून ५९०० ने भागा, म्हणजे कात्री सगळ्यांना सारखी लागते. १५०० चे ११४४ होतात, ८७५ चे ६६७, ६२५ चे ४७७, ९०० चे ६८६ आणि ५०० चे ३८१. आता पन्नासाच्या पटीत आणताना वर न्यायचं नाही, सगळे खाली आणा: ११००, ११००, ६५०, ४५०, ६५०, ३५०. बेरीज ४३००. उरलेले दोनशे, खाली आणताना ज्यांचे जास्त कापले गेले त्यांना पन्नास-पन्नास: दिवसाचा वॉचमन आणि मावशी ११५०, दूधवाला ७००, पेपरवाला ४००. बरोबर ४५०० भरतात. बाबांना वर एक रुपया ठेवायचाच असतो, तो हिशेबाबाहेर.

या सहा पाकिटांना पाचशेच्या सहा, शंभराच्या तेरा आणि पन्नासाच्या चार नोटा लागतील. बाजूच्या ५०० साठी पन्नासाच्या आणखी दहा. पन्नासाच्या नोटा ऐन दिवाळीत मिळत नाहीत, बँकेतून आधीच आणून ठेवा.

पाकिटं भरण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना एक विचारा: वॉचमन आणि मावशींसाठी फ्लॅटमागे वर्गणी काढणार आहेत का? काढणार असतील, तर ती त्यांच्या पाकिटांतून वजा करा, नाहीतर पाच हजारांची मर्यादा तिथेच मोडते. आणि एखाद्याचे तीन महिनेसुद्धा भरले नसतील, तर गणिताने दोनशेच्याही आत येतात. ते हातावर ठेवणं बरं दिसत नाही. अशाला सरळ २०० द्या आणि तेही आधी बाजूला काढा. यंदा तसं कोणी नाही.

प्रत्येक पाकिटावर नाव घाला आणि ज्याचं त्याच्या हातात द्या. सगळी पाकिटं गेटवर वॉचमनकडे सोपवू नका, पोचलं की नाही हे नंतर विचारताही येत नाही. वसुबारसेच्या आधी वाटा, म्हणजे त्यांना बाजारहाट करता येतो. फराळ वेगळा द्या, पाकिटात त्याची वजावट नको.

पुढच्या वर्षासाठी आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नवा माणूस येईल त्या तारखेला त्याचं नाव लिहावं. जुनं कॅलेंडर रद्दीत देऊ नका, नोव्हेंबर-डिसेंबर त्यातच असतात.

तुमची
धाकटी