आधी डाग, मग नोटीस, मग बिल

संपादक महोदय,

सोसायट्यांच्या जिन्यातील पानाच्या डागांविषयीची आपली कालची बातमी वाचली. आपापल्या मजल्यावरचे डाग रहिवाशांनीच काढावेत, अशी नोटीस आमच्याही फळ्यावर महिनाभरापूर्वी लागली होती. मुदत रविवारपर्यंत. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावरचा कोपरा कोणाचा, हे नोटिशीत नव्हतं. सेक्रेटरींनी तो माझ्या नावावर टाकला. मी सुपारीचं खांडसुद्धा खात नाही, हे जाता जाता सांगतो.

बातमीसोबतच्या चौकटीत आपण धुण्याचा सोडा वापरायला सांगितलं आहे. कृपया असले सल्ले करून बघितल्याशिवाय छापू नका. सुपारी आणि काताला लाल रंग चढतो तो चुन्यामुळे, आणि सोडा हा चुन्याचाच भाऊबंद. मी सोड्याने घासलं, तर डाग आणखी गडद झाला. मग कोणीतरी संडास धुण्याचं ॲसिड सुचवलं. भिंतीवरचा डाग थोडा पिवळट झाला खरा, पण ओघळ खालच्या कडप्प्याच्या पायरीवर उतरले आणि तिथे पांढरे चट्टे पडले. कडप्पा म्हणजे चुनखडीच, तो ॲसिडने खाल्ला जाणारच. हे शहाणपण मला नंतर आलं.

शेवटी स्वतःच्या पैशाने दोन हात डिस्टेंपर मारला. नोटिशीची मुदत पाळली म्हणून चेअरमनसाहेबांनी पाठही थोपटली. आठवड्याभरात त्याच जागी तपकिरी छटा वर आली. रंगारी हसला. म्हणाला, ‘काका, डाग भिंतीत मुरलाय. पाण्याचा रंग मारला की तो परत ओला होतो आणि वर येतो. आधी खरवडा, ऑइल प्रायमर मारून पूर्ण सुकू द्या, मग पुट्टी आणि रंग.’ तसं केल्यावर डाग गेला. नोटीस लिहिणाऱ्यांनी हे चार शब्द त्यात लिहिले असते तर माझे तीन रविवार वाचले असते. पण नोटिशीत दंडाचा आकडा तेवढा ठळक अक्षरांत होता.

आता त्या कोपऱ्यात देवादिकांच्या टाइल्स बसवायचं कमिटीत ठरतंय. शेजारच्या विंगमध्ये त्या आहेतच. तिथले लोक अदबीने दोन फूट बाजूला थुंकतात. आणि पायरीवरच्या चट्ट्यांचं पॉलिश माझ्या मेंटेनन्सच्या बिलात लावलं आहे. थुंकणाऱ्याला मात्र अजून कोणी बिल पाठवलेलं नाही.

जाता जाता आणखी एक. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी जिन्यात रिकाम्या पुड्या रोज सापडतात, हे आपण बातमीत छान मांडलंत. त्याच अंकात पहिल्या पानावर, अर्धं पान भरून, सिनेनट हातात वेलचीची डबी घेऊन उभे होते. वेलचीच्या डबीसाठी एवढा खर्च कोण करतं, हेही एकदा छापा.

आपला,
एक रहिवासी, डोंबिवली