पैसे कटले, निघाले नाहीत: रिझर्व्ह बँकेच्या नागपूर कार्यालयाच्या प्रादेशिक संचालकांना खुले पत्र

महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या 3 तारखेला मी सक्करदऱ्यातल्या एका एटीएमवर पाच हजार काढायला गेलो. कार्ड एका बँकेचं, मशीन दुसऱ्या बँकेचं. आत नोटा मोजल्याची खडखड झाली, पण झडप उघडलीच नाही. मोबाईलवर मात्र पैसे कटल्याचा मेसेज आला. बाहेरचा चहावाला म्हणाला, "काका, नोट अडकली असन."

तो बरोबर होता. मशीन आधी माझ्या बँकेला विचारतं, तिनं होकार देताच खात्यातून रक्कम वजा होते आणि नोटा त्यानंतर मोजल्या जातात. नोटा अडकल्या की मशीन उलट निरोप पाठवतं आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत पैसे परत जमा होतात. त्याच क्षणी लिंक तुटली, तर हा निरोप माझ्या बँकेपर्यंत पोचत नाही. तिच्या लेखी मला पैसे मिळालेले असतात. पुढे मशीनमधली रोकड मोजली जाते, ती मशीनच्या नोंदीशी ताडली जाते आणि पाच हजार जास्त निघतात. म्हणजे पैसे कुठे बुडत नाहीत. उशीर होतो तो दोन बँकांच्या हिशेबाच्या मेळाला.

या मेळाला तुमच्याच बँकेनं मुदत घातली आहे. 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त पाच दिवसांत पैसे परत आले पाहिजेत. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, तीही ग्राहकानं न मागता. दिवस मोजायचे ते व्यवहारापासून, तक्रारीपासून नव्हे.

माझ्या शाखेतल्या बाईंनी सांगितलं, "अर्ज द्या, पंचेचाळीस दिवस लागतील." मी पावतीवरचा व्यवहार क्रमांक, मशीनचा क्रमांक आणि वेळ लिहून अर्ज दिला. (तो कार्डाच्या बँकेत द्यायचा. मी आधी मशीनवाल्या बँकेत जाऊन हात हलवत परतलो होतो.) मुदत 8 तारखेला संपली, पैसे 14 ला आले. सहा दिवस उशीर, म्हणजे सहाशे रुपये. पासबुकात पाच हजारच दिसले. परिपत्रकाची प्रत घेऊन पुन्हा गेलो, तेव्हा बाईंनी ती शांतपणे वाचली, साहेबांकडे नेली, आणि चौथ्या दिवशी सहाशे जमा झाले.

लेखी तक्रारीला बँकेनं तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं, हे मला माहीत आहे. पण सहाशे रुपयांसाठी तिथवर कोण जातो? न मागता द्यायची भरपाई परिपत्रकाची प्रत नेऊन मागितल्यावर मिळते, तिथं माझं गाऱ्हाणं आहे.

म्हणून मागणी एवढीच: पाच दिवस आणि शंभर रुपये, या दोन ओळी शहरातल्या प्रत्येक एटीएमच्या काचेवर मराठीत लावायला लावा. आणि उशिरा परत आलेल्या रकमांपैकी किती रकमांवर बँकांनी आपणहून भरपाई दिली, ते एकदा तपासा.

आपला,
महालातला एक खातेदार