कपाटाच्या बिलावर न दिसणारा कर

महोदय,

आपल्या वाचकांच्या पत्रांत परवा एकांनी लिहिले होते, की पूर्वी लोखंडी कपाटावर साडेबारा टक्के कर होता, आता 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ग्राहकाच्या खिशातून साडेपाच टक्के जास्त गेले. मी सांगलीत फर्निचर दुकानदारांच्या वह्या लिहितो. जुनी बिले अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांच्या आधाराने सांगतो, पत्रलेखकांनी पाहिलेले साडेबारा टक्के हा अर्धाच कर होता. उरलेला कर बिलावर छापलाच जात नसे.

ऑगस्ट 2015 मधला हिशेब घ्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून पूर्णांकात धरतो, दर मात्र तेव्हाचेच आहेत. कारखान्याने कपाटाची किंमत धरली 8,000 रुपये. त्यावर केंद्राचे उत्पादन शुल्क, म्हणजेच एक्साइज, साडेबारा टक्के, म्हणून 1,000. आता राज्याचा व्हॅट, तोही साडेबारा टक्के. पण तो 8,000 वर नाही, शुल्क मिळवून झालेल्या 9,000 वर. म्हणून 1,125 रुपये. यातले 125 रुपये कपाटावरचा कर नव्हता, करावरचा कर होता.

दुकानदाराला भरलेल्या व्हॅटचे 1,125 सेट-ऑफ मिळत, म्हणजे पुढे भरायच्या व्हॅटमधून वजा होत. एक्साइजच्या 1,000 रुपयांचे काहीच मिळत नसे. तो केंद्राचा कर, आणि दुकानदार भरणार राज्याचा. दोन खाती वेगळी, एकाची वजावट दुसऱ्यात नाही. त्यामुळे दुकानदाराच्या वहीत कपाटाची खरेदी किंमत पडे 9,000. त्यावर तो वीस टक्के नफा धरी, कारण त्याचे भांडवल 9,000 अडकलेले असे. विक्री किंमत 10,800, वर व्हॅट 1,350, आणि ग्राहक मोजे 12,150.

आता त्या 1,000 रुपयांचा माग काढा. त्यावर दुकानदाराचा 200 रुपये नफा चढला, मग त्या 1,200 वर 150 रुपये व्हॅट. सरकारला एक्साइजचे 1,000 मिळाले, त्यांच्यापायी ग्राहकाच्या खिशातून गेले 1,350. आणि बिलावर काय दिसे? फक्त व्हॅट, साडेबारा टक्के. प्रत्यक्षात दोन्ही मिळून कर झाला 2,350 रुपये. कर वगळून त्या कपाटाची किंमत होती 9,800. म्हणजे जवळजवळ 24 टक्के.

हेच कपाट आज 18 टक्के जीएसटीत घ्या. कारखाना 8,000 वर 1,440 लावतो. दुकानदाराला त्या सगळ्याचे क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळते, म्हणून वहीत खरेदी 8,000 च पडते. वीस टक्के नफ्याने 9,600, वर जीएसटी 1,728, ग्राहकाला 11,328. दुकानदार सरकारला भरतो 1,728 वजा 1,440, म्हणजे 288. हे 288 बरोबर त्याच्या 1,600 रुपये नफ्याचे 18 टक्के आहेत. प्रत्येकाने आपण वाढवलेल्या किमतीवरच कर भरायचा, एवढीच या करामागची युक्ती. त्यामुळे बिलावर दिसणारे 1,728 आणि सरकारला मिळालेले 1,728 हे एकच असतात. दुकानदाराने रुपयांत पूर्वीइतकाच, म्हणजे 1,800 नफा धरला तरी कपाट 11,564 ला पडते.

हे सगळे 2017 साली एका रात्रीत सुचलेले नाही. प्रत्येक विक्रीवर सरसकट उलाढाल कर लावला की माल जितक्या हातांतून जाईल तितका कर साचतो, हे जर्मनीने पन्नास वर्षे अनुभवले. तिथे 1918 साली अर्धा टक्का असलेला असा कर पुढे चार टक्क्यांवर गेला. सूत काढण्यापासून कापड विणण्यापर्यंत सगळे एकाच मालकाकडे असेल तर मधली विक्रीच होत नसे, कर वाचे. स्वतंत्र विणकर मात्र सुताच्या किमतीत मुरलेला कर उचलत बसे. 1968 मध्ये त्यांनी तो मोडून मूल्यवर्धित कर आणला. आपल्याकडे 1986 च्या मॉडव्हॅट या उत्पादन शुल्कातल्या वजावटीच्या योजनेने कारखान्यापुरती आणि 2005 च्या व्हॅटने राज्यातल्या दुकानांपुरती साखळी जुळली, पण दोन्हींच्या मधली कडी तुटकीच राहिली. माझ्या एका दुकानदाराला तर शोरूमच्या 20,000 रुपये भाड्यावर महिन्याला 2,800 रुपये सेवाकर पडे. व्हॅटमधून तो वळता होत नसे, म्हणून वर्षाचे 33,600 रुपये कपाटांच्या किमतीतच घालावे लागत.

जीएसटी लागू होण्याआधीची, 30 जून 2017 ची रात्र मला आठवते. गोदामात आम्ही बॅटरी घेऊन कपाटे मोजत होतो, आणि टेबलावर कारखान्याच्या जुन्या बिलांचे गठ्ठे पडले होते. वर्षाच्या आतले एक्साइजचे बिल हाताशी असेल तर शिल्लक मालात मुरलेल्या शुल्काचे क्रेडिट मिळणार होते. ज्या कागदाकडे दुकानदारांनी कधी ढुंकून पाहिले नव्हते तो त्या रात्री ते धुंडाळत होते. आपल्या मालात इतका कर दडला होता हे त्यातल्या कित्येकांना त्या वेळी पहिल्यांदा कळले.

पत्रलेखकांचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. करावरचा कर गेला म्हणून वस्तू स्वस्त होतेच असे नाही, दर किती ठेवला यावर ते ठरते. सुरुवातीला फर्निचरवर 28 टक्के होते. त्या दराने हेच कपाट 12,288 ला, जुन्यापेक्षा महाग पडे. नोव्हेंबर 2017 मध्ये दर 18 वर आला तेव्हा गणित ग्राहकाच्या बाजूने झाले.

आणि साखळी आजही जिथे तुटते तिथे जुना प्रकार परत येतो. समजा, कपाट बनवणारा छोटा कारखानदार कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या कमी दराच्या योजनेत आहे. तो आपल्या विक्रीवर एकच टक्का भरतो, म्हणून त्याचा माल स्वस्त वाटतो. पण पत्रा आणि पावडर कोटिंगवर भरलेल्या, समजा, 900 रुपये जीएसटीचे क्रेडिट त्याला मिळत नाही आणि तो दुकानदाराला कराचे बिलही देऊ शकत नाही. ते 900 किमतीत मुरतात. दुकानदाराच्या वीस टक्के नफ्याने 1,080 होतात, वरच्या 18 टक्क्यांनी 1,274. डिझेलचेही तसेच. ते अजून जीएसटीबाहेर, राज्याच्या व्हॅटमध्ये आहे. कपाटे वाहणाऱ्या टेम्पोच्या डिझेलमधला कर कोणालाच वळता होत नाही, तो भाड्यात शिरतो आणि भाड्यातून कपाटात.

म्हणून दुकानदारांना माझी विनंती, कंपोझिशनवाल्याकडून माल घेताना नुसता भाव पाहू नका. रीतसर कर लावणाऱ्याच्या भावातून मिळणारे क्रेडिट वजा करा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. आणि आपल्या वृत्तपत्रातून मागणी करायचीच असेल, तर डिझेल जीएसटीत आणा ही करावी. कपाटाच्या किमतीत न दिसता शिरणारा कर आज तिथेही उरला आहे.

आपला,
एक हिशेबनीस, सांगली