योकच्या स्वेटरचं गणित

प्रिय शालू,

तुझं पत्र मिळालं. योकचा, म्हणजे काखेपासून गळ्यापर्यंतचा भाग खांद्यांभोवती गोल फिरणारा स्वेटर, पाठ, पुढचा भाग आणि बाह्या वेगवेगळ्या विणून शिवायचा, की गोल सुईवर एकसंध विणायचा, हा तुझा प्रश्न. योकवर रंगीत नक्षी घेणार असशील तर गोलच विण. सपाट विणलंस तर दर दुसरी ओळ उलट येते. म्हणजे दोन रंगांचे धागे तुझ्या समोर आणि नक्षी पलीकडे, आणि चूक कळायची ती ओळ पालटल्यावर. शिवाय नक्षी खांद्याभोवती अखंड फिरायला हवी, तिला चार ठिकाणी शिवण आली की फुलं तिथे तुटतात. गोल विणताना सुलट बाजू सतत तुझ्याकडे असते. एक मात्र आहे, शिवणीचा आधार नसल्यामुळे जड सुती धाग्याचा असा स्वेटर ओघळतो. तेव्हा लोकरच घे.

मापाचा तुकडा सपाट विणून चालणार नाही. बहुतेकींचा उलट टाका सुलटपेक्षा थोडा सैल पडतो, त्यामुळे गोल विणीत टाके वेगळे भरतात. गोल सुईवर ३०-३५ टाके घाल, ओळ सुलट विण, विण न पालटता टाके सुईच्या दुसऱ्या टोकाला सरकव, धागा मागून सैल सोड आणि पुन्हा सुलट विण. तुकडा धुऊन वाळला की मधले टाके मोज.

समज, १० सेंमीत २० टाके आले आणि छातीचा घेर १०० सेंमी हवा. म्हणजे अंगाचे २०० टाके. आता विणकामावर लिहिणाऱ्या एलिझाबेथ झिमरमनची टक्केवारी अंगाच्या टाक्यांना लाव: बाहीचा वरचा घेर सुमारे ३३ टक्के, म्हणजे ६६, आणि काखेसाठी ८ टक्के, म्हणजे १६. अंग आणि बाह्या काखेपर्यंत वेगवेगळ्या गोल विणून घे. मग प्रत्येक काखेत अंगाचे १६ आणि बाहीचे १६ टाके वेगळ्या धाग्यावर काढून ठेव. ते शेवटी एकमेकांना सुईने जोडायचे. उरतात पुढचे ८४, पाठीचे ८४ आणि प्रत्येक बाहीचे ५०. डावी बाही, पुढचा भाग, उजवी बाही, पाठ, या क्रमाने सगळे एका लांब सुईवर घे. २६८ होतात. बाहीच्या कोपऱ्यांशी पहिले दोन-चार फेरे आवळल्यासारखे वाटतात, पण पुढे सुटतात.

खरी गंमत पुढे आहे. तुझी नक्षी १२ टाक्यांची, आणि २६८ ला १२ ने भाग जात नाही. २६४ ला मात्र जातो, २२ वेळा. मग पहिल्याच साध्या फेऱ्यात पुढच्या भागाच्या आणि पाठीच्या दोन्ही टोकांना दोन टाके एकत्र विण. चार टाके कमी होतात आणि कोपऱ्यांची भोकंही बरीच बुजतात. आता पुढचे ८२, पाठीचे ८२.

नक्षीचा मध्य पुढच्या मध्यावर यायला हवा, नाहीतर गळ्याखाली ती एका बाजूला सरकलेली दिसते. डाव्या बाहीचे ५० आणि पुढच्या भागाचे अर्धे, ४१, म्हणजे मध्य ९१ टाक्यांनंतर. फेरा एक टाका पुढून सुरू केलास तर तो ९० नंतर येतो: सात पूर्ण नक्ष्यांचे ८४ आणि आठवीचे सहा, अगदी तिच्या मधोमध. म्हणून आधी एक टाका साधा विणून मग मार्कर लाव.

योकची उंची घेराच्या चौथाईएवढी, इथे २५ सेंमी. निम्म्या उंचीपर्यंत काहीही कमी करू नकोस. घाई केलीस की दंडाला ओढ बसते, आणि हात वर केला की सगळा स्वेटर वर चढतो. साधारण १२.५ सेंमीवर दोन सुलट, दोन एकत्र असा पूर्ण फेरा घे: २६४ चे १९८. १९ सेंमीच्या सुमारास एक सुलट, दोन एकत्र: १३२. दर नक्षी १२ वरून ९ वर, मग ६ वर येते, पण नक्ष्या २२ च राहतात. नक्षीचे पट्टे या कमी करायच्या फेऱ्यांच्या आधी आणि मध्ये बसव, फेऱ्यावर येऊ देऊ नकोस. शेवटचा फेरा गळ्याआधी: दोन एकत्र, दोन एकत्र, एक सुलट असं २६ वेळा, उरलेले दोन साधे. राहतात ८०, म्हणजे अंगाच्या ४० टक्के, गळ्याची रिब यावर घे.

पाठ पुढच्या भागापेक्षा थोडी उंच हवी, नाहीतर गळा समोरून हनुवटीला टेकतो. नक्षी सुरू होण्यापूर्वी पाठीवरच अर्ध्या ओळी विणून दोन-तीन सेंमी वाढव. आणि पहिल्या कमी करायच्या फेऱ्याआधी टाके धाग्यावर घेऊन अंगात घालून बघ. दंडाशी घडी पडत असेल तर उंची जास्त झालीय, आणि काख ओढत असेल तर अजून दोन सेंमी साधे विण.

नक्षीचे दोन रंग काय ठरवलेस ते कळव. अगदी जवळचे दोन निवडू नकोस, दिव्याच्या उजेडात वेगळे ओळखू येत नाहीत.

तुझी,
मालती