फेब्रुवारीचा तिसरा आठवडा

पुणे, ६ जानेवारी

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या मसाल्याच्या धंद्याच्या खात्याचे, तुम्ही पाठवलेले बँक स्टेटमेंटचे एकोणीस फोटो तीन रात्री बसून वहीत उतरवले. जुलै ते डिसेंबर, सगळे सहा महिने. फोनवर सांगितलं तर आकडे लक्षात राहणार नाहीत, म्हणून लिहितेय.

फोटोवरून आकडा उतरवताना चूक होतेच. म्हणून प्रत्येक ओळीला ताळा घेतला: आधीची शिल्लक, त्यात जमा मिळवायची, नावे वजा करायची, येईल तो आकडा बँकेने छापलेल्या शिल्लकेशी जुळला पाहिजे. एका जागी शिल्लक ९२,३४० होती, मी नावे १६,८०० लिहिले, तर उरले ७५,५४०. छापील शिल्लक मात्र ७३,७४०. फरक १,८००. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की बहुधा दोन अंकांची अदलाबदल झालेली असते. फोटो मोठा करून पाहिला, तर रक्कम १८,६०० होती. अकराव्या फोटोत हळदीच्या डागाखाली ३ आहे की ८, तेही असंच शिल्लकेवरून कळलं. मात्र सातव्या पानाची शेवटची शिल्लक आणि आठव्याची पहिली जुळत नाहीत, २२,५०० चा फरक आहे. मधलं एक पान राहिलंय. दोन्ही रकमांतला फरक कळला, पण त्या पानावर काय काय होतं ते कळायला मार्ग नाही.

आता मुख्य गोष्ट. जमेच्या रकान्याची बेरीज ११,४०,००० येते आणि तुम्ही तीच विक्री धरून चालला आहात. बाबा, ती विक्री नाही. त्यातले २,५०,००० आईची ठेव मोडून आलेले, म्हणजे आपलेच पैसे या खिशातून त्या खिशात. १,५०,००० मामाने हातउसने दिलेले, ते परत करायचे आहेत. आणि त्या मिरजेच्या दुकानदाराचा ४५,००० चा चेक परत आला, पुन्हा भरला, तेव्हा वटला. जमेत तो दोनदा दिसतो. परत आलेली रक्कम नावे पडली आहे, ती खर्च नव्हे. दोन्हीकडून एकेकदा काढून टाकली. उरले ६,९५,०००. हाती असलेल्या पानांवर गिऱ्हाइकांकडून आलेला पैसा एवढाच, आणि त्यातही जीएसटी आहे, तो भरायचा असतो.

नावे बाजूलाही तसंच. भाडं, पगार, गिरणीच्या यंत्राचा हप्ता हे ठरलेल्या तारखांचे. मिरची, धणे, पॅकिंगच्या पिशव्या हंगामाच्या. तुमचा विम्याचा हप्ता आणि आईच्या औषधांचे पैसे घरखर्चात टाकले, कारण ते धंद्याचे नसले तरी खात्यातून जातातच, पुढचा अंदाज बांधताना विसरून चालणार नाही. ‘सेल्फ’ म्हणून काढलेल्या रोकडीचं काय झालं, हे स्टेटमेंट सांगत नाही. आई, तुझ्या डायरीत हमालीच्या, टेम्पोच्या नोंदी असतील, त्या पाठव.

उधारीची तारीख मी दुकानदारांच्या बोलण्यावरून नाही, खात्यावरून धरली. ‘पंधरा दिवसांत देतो’ म्हणणाऱ्यांचे पैसे बिलापासून सरासरी चाळीस दिवसांनी आले आहेत. त्या हिशेबाने फेब्रुवारी महिन्याऐवजी आठवड्या-आठवड्याने मांडला. सुरुवातीला ६०,००० धरले. पहिल्या आठवड्यात ४०,००० येतील, ५५,००० जातील, उरतील ४५,०००. दुसऱ्यात ३५,००० येऊन २०,००० जातील, पुन्हा ६०,०००. तिसऱ्यात ३०,००० येतील आणि ब्याडगी मिरची नि धण्याचे १,८०,००० द्यावे लागतील. म्हणजे ९०,००० कमी पडतील. चौथ्यात मेसचं तीन महिन्यांचं थकलेलं बिल धरून १,१५,००० येतील, १५,००० जातील, आणि महिनाअखेरीस हातात १०,००० दिसतील. महिन्याचा एकच आकडा पाहिला असता तर हा खड्डा दिसलाच नसता. गेल्या वर्षी तुम्ही शेवटच्या क्षणी व्याजाने पैसे घेतलेत, ते बहुधा याच खड्ड्यात.

मेसवाल्यांनी आठवडाभर उशीर केला तर महिनाअखेरही उणीतच जाईल, म्हणून त्यांना आत्ताच फोन करा. मिरची एकदम न घेता अर्धी आत्ता, अर्धी मार्चच्या पहिल्या आठवड्यात जमेल का, तेही आडत्याला विचारा. भाव चढायची भीती मला कळते, तरी तो फरक आणि ९०,००० वरचं व्याज दोन्ही लिहून शेजारी ठेवा, मग ठरवा.

माझ्या या अंदाजात एक मोठी उणीव आहे. जुलै ते डिसेंबरमध्ये मसाल्याचा हंगामच येत नाही. मार्च ते मेची विक्री मी अंदाजाने लिहू शकत नाही. तेव्हा गेल्या वर्षीची फेब्रुवारी ते जूनची पानं आणि ते राहिलेलं पान हवंय. फोटो काढताना पान टेबलावर सपाट ठेवा, चारही कोपरे दिसू द्या, उजवीकडचा शिल्लकेचा रकाना अंगठ्याखाली जाऊ देऊ नका. त्यापेक्षा शाखेत जाऊन ईमेलवर पीडीएफ मागितलीत तर उत्तमच, कोणता अंक आहे हे मला ओळखावं लागणार नाही.

आई, गुडघ्याला शेक घेत जा. मी शनिवारी येते, वही घेऊनच.

तुमची,
मनू