शेखरची रात्र दुसऱ्याच्या हाती देताना

प्रिय नंदा,

तुझं पत्र मिळालं. पहाटे तुझ्या भावाची, शेखरची कूस बदलताना तू त्याला जोरात ओढलंस, तो कण्हला आणि तुला काहीच वाटलं नाही, असं तू लिहिलं आहेस. त्या ‘काहीच वाटलं नाही’पाशी मी बराच वेळ थांबले. तू वाईट बहीण झालीस म्हणून असं झालेलं नाही, नंदा. माणूस महिनोन्‌महिने तुटक झोपेवर दुसऱ्याचं करत राहिला की आधी चिडचिड होते, मग रडू येतं आणि शेवटी सगळं बधिर होतं. तू त्या शेवटच्या टप्प्यावर आहेस, म्हणून हे पत्र लांबणार आहे.

अशा थकव्याला ‘बर्नआउट’ म्हणतात. हा शब्द हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली सेवाकेंद्रांत काम करणाऱ्यांबद्दल वापरला. त्या माणसांची पाळी निदान संपत तरी असे. तुझी पाळी संपतच नाही, आणि तुझ्या थकव्याचं मूळ तिथेच आहे. एकदा चार दिवस कुठेतरी जाऊन आलीस तर पाचव्या दिवशी पुन्हा तेच सुरू होईल. तुला हवी आहे ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, न मागता मिळणारी सुटका. तीही आधी रात्रीची.

रात्रीची आधी का, ते सांगते. दहाला, एकला, चारला आणि सहाला उठून तू शेखरची कूस बदलतेस. बेरीज केली तर झोप सहा तासांची भरते, पण सलग तुकडा तीन तासांचाही नसतो, आणि त्यातही एक कान त्याच्या खोलीकडे असतो. अशा झोपेने अंग थोडंफार सावरतं, पण राग आवरायची ताकद भरून येत नाही. म्हणून घरातल्या प्रकाशबरोबर आठवड्यातल्या दोन रात्री वाटून घे. रात्री दहा ते तीन तो जागेल आणि तीननंतर तू. तुझे ते पाच तास सलग हवेत. वेगळ्या खोलीत, दार लावून झोप, शेखरची चाहूल देणारं यंत्र प्रकाशच्या उशाशी राहू दे. तू त्याच खोलीत झोपलीस तर प्रकाश उठेल आणि तूही उठशील, म्हणजे दोघंही जागे.

दुसरी गोष्ट डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारायची आहे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची हा साधारण नियम असतो. दाब वाटून घेणारी चांगली गादी असली आणि त्वचा धड असली तर काहींना हे अंतर वाढवता येतं. त्यांनी होकार दिला तर एकदम वाढवू नकोस. अर्ध्या तासाने वाढव आणि तीन-चार रात्री तेच अंतर ठेव. रोज सकाळी माकडहाड, खुब्याची हाडं, टाचा आणि घोटे बघ. लालसर दिसलं तर बोटाने दाबून सोड. जागा क्षणभर फिकी होऊन पुन्हा लाल झाली आणि थोड्या वेळात ती लाली गेली तर ठीक. दाबूनही रंग तसाच राहिला तर ती शय्याव्रणाची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची सुरुवात समज. मग जुन्या अंतरावर परत यायचं, त्या जागेवर भार येऊ द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघ. आजूबाजूपेक्षा ती जागा गरम, टणक किंवा पिचपिचीत लागते.

आता तुझं ते ‘दुसऱ्या कोणाला जमतच नाही’. खरं आहे, जमत नाही, कारण शेखरची सगळी माहिती एकट्या तुझ्या डोक्यात आहे. मदतनीस बाई तिसऱ्या दिवशी सोडून गेल्या, त्यामागेही बहुधा हेच असावं. पहिल्याच दिवशी त्यांच्यावर सगळं एकदम पडलं, आणि त्यांचं काही चुकलं की तू पुढे होऊन स्वतः करायला लागलीस.

शेखरच्या मुठीचंच बघ. घट्ट वळलेली मूठ नवखा माणूस बोटांची टोकं धरून उघडायला जातो. जितकं ओढावं तितका हात ताठ होतो, कारण आखडलेला स्नायू झटक्याने ताणला की आणखी आवळतो. तू मात्र आधी त्याचं मनगट आतल्या बाजूला वाकवतेस, मग अंगठा मुळापाशी धरून हलकेच बाहेर घेतेस, आणि बोटं आपोआप सैल पडतात. हे तू इतक्या वर्षांत कोणाला शब्दांत सांगितलेलं नाहीस, कारण हे एक कौशल्य आहे हेच तुझ्या लक्षात आलेलं नाही. अशा गोष्टी लिहून काढ. वही मोठी नको, चार पानं पुरेत. पहिल्या पानावर तो ‘हो’ कसं म्हणतो, ‘नाही’ कसं म्हणतो, दुखलं की काय करतो आणि लघवीला लागली की काय करतो, एवढंच. बाकी सगळं चुकलं तरी हे पान नव्या माणसाला तारून नेतं. दुसऱ्या पानावर उचलण्या-बसवण्याची रीत, तिसऱ्यावर खाणं आणि औषधं, चौथ्यावर फिट आली तर काय करायचं ते. फिटच्या पानावर ठळक लिही: घड्याळ बघा, कुशीवर करा, तोंडात काहीही घालू नका, पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लागोपाठ दुसरी आली तर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांनी फिटसाठी वेगळं औषध देऊन ठेवलं असेल तर ते कधी आणि किती द्यायचं, हे त्यांच्याकडूनच लिहून घे.

नवीन माणूस आला की त्याच्या हाती टप्प्याटप्प्याने सोपव. पहिल्या दिवशी त्याने नुसतं बघायचं. दुसऱ्या दिवशी त्याने करायचं आणि तू गप्प उभं राहायचं. हा टप्पा तुलाच सगळ्यात जड जाईल. तिसऱ्या दिवशी तू घरातच, पण दुसऱ्या खोलीत. हे पार पडलं की दोन तास बाहेर जायचं, आणि ते दोन जेवणांच्या मधले घ्यायचे, म्हणजे नव्या माणसावर भरवायची वेळ येत नाही. असं तीन-चारदा झालं की मगच भरवणं शिकव, कारण सगळ्यात जास्त धोका तिथेच आहे. शेखरला ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, घास लहान, आणि आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा. खाऊन झालं की निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. खोकला, डोळ्यांत पाणी, घशात पाणी गुरगुरल्यासारखा ओला आवाज, यातलं काहीही दिसलं की थांबायचं. नवखी माणसं घाईने भरवतात, जेवण लवकर उरकलं म्हणजे छान जमलं असं त्यांना वाटतं. म्हणून वेळही लिहून ठेव. तुला भरवायला चाळीस मिनिटं लागत असतील तर ‘चाळीस मिनिटं लागतात, लागू द्या’ असंच लिही.

आणि त्या दोन तासांत बँक, दवाखाना, वाणसामान असलं काही उरकू नकोस. सगळे तेच करतात, मग म्हणतात की सुट्टी मिळाली तरी थकवा गेला नाही. पहिले काही दिवस बाहेर जाऊन नुसती बस. घरी फोन करू नकोस, त्यांनीच करायचा, आणि कधी करायचा ते चौथ्या पानावर लिहिलेलं असू दे. लवकरही परतू नकोस. तू अर्ध्या तासात आलीस की मदतनीसाला वाटतं आपल्यावर विश्वास नाही, आणि शेखर शिकतो की कण्हलं की ताई येते.

घरातली सुटका रुळली की बाहेरची बघ. दिवसभराचं केंद्र असेल तर आठवड्यातले दोन ठरलेले दिवस एखाद्या लांब मुक्कामापेक्षा जास्त उपयोगाचे. तुझ्यासारखंच करणारं एखादं कुटुंब माहीत असेल तर आळीपाळीने एकमेकांकडे एक दुपार सांभाळणंही जमतं, पण दोघांना लागणारी मदत साधारण सारखी हवी. नाहीतर एका घरावर भार पडतो आणि दोन महिन्यांत ते मोडतं.

अल्पमुदतीच्या मुक्कामाची जागा बघायला जाशील तेव्हा जेवणाच्या वेळी जा. कार्यालयात बसून सगळंच छान दिसतं, खरं काय ते भरवताना कळतं. रात्री किती जणांमागे किती माणसं जागी असतात, औषध कोण देतं, फिट आली तर काय करतात आणि त्याची स्वतःची गादी व खुर्ची चालेल का, हे विचार. ‘रात्री सगळे झोपतात, काही लागत नाही’ असं उत्तर आलं तर तिथे शेखरला ठेवू नकोस, त्याला रात्री कूस लागते. आधी एक दिवस, मग एक रात्र, मग तीन रात्री, असं वाढव. औषधं मूळ वेष्टनात दे, दोन दिवसांची जास्त. सोडताना आणि आणताना त्यांच्यासमोर त्याची त्वचा बघून दोघांनी लिहून सही करायची, म्हणजे पुढे कोणी कोणाला दोष द्यायला नको. परत आल्यावर दोन-तीन रात्री तो नीट झोपणार नाही, त्याने घाबरू नकोस. पण ताप, नवा खोकला, वजनात घट किंवा नवीन जखम दिसली तर ते सवय बदलल्यामुळे नसतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने आणि त्या जागेला जाब विचार.

यातलं काहीही ठरवण्याआधी शेखरला विचार. तो चौतीस वर्षांचा पुरुष आहे, बोलता येत नाही म्हणून त्याचं मत नाही असं नाही. दोन मदतनिसांपैकी कोण आवडलं हे तो डोळ्यांनी सांगू शकतो. त्याने स्वतः निवडलेल्या माणसाबरोबर तो लवकर रुळेल. कदाचित त्यालाही तुझ्यापासून थोडी सुट्टी हवी असेल.

तुझ्यासाठीही एक दवाखान्याची फेरी हवी. जाण्याआधी झॅरिटची २२ प्रश्नांची प्रश्नावली भरून ने, काळजी घेणाऱ्यावर किती भार आहे ते ती मोजते. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ८८. आकडा जितका मोठा तितका भार जास्त. ‘थकवा येतो’ म्हटलं की डॉक्टर टॉनिक लिहून देतात, आकडा समोर ठेवला की पुढचं विचारतात. आणि पुन्हा कधी हात जोरात जातोय असं वाटलं तर शेखरला सुरक्षित कुशीवर ठेव, कठडा वर कर, खोलीबाहेर ये आणि प्रकाशला उठव. पाच मिनिटं शेखर एकटा राहिला तरी चालेल. त्याला किंवा स्वतःला संपवावं असा विचार एकदाही मनात आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. त्याच क्षणी शेखरला दुसऱ्याच्या हाती दे, डॉक्टरांकडे जा आणि मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.

आता या आठवड्यात एवढंच कर. उशाशी कागद ठेव आणि रात्री जितक्या वेळा उठशील तितक्या रेघा मार, शेजारी वेळ आणि कशासाठी उठलीस ते एका शब्दात. रविवारी रात्री मी फोन करीन, तेव्हा तो कागद समोर घेऊन बस आणि प्रकाशलाही शेजारी बसव. त्याच्या दोन रात्री कोणत्या, ते आपण तिघं मिळून तेव्हाच ठरवू.

तुझी,
वासंती