व्हिडिओ-पॉडकास्टच्या संदर्भांबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार. संदर्भसूचीचे कच्चे खर्डे शनिवारी संध्याकाळी ५ वाजता राजारामपुरीतल्या नेहमीच्या खोलीत तपासायचे आहेत. छापील प्रत आणावी.

व्हिडिओंची वेगळी यादी करू नका. पवार यांचे व्याख्यान पाटील यांच्या पुस्तकाच्या आधी, आडनावाच्या क्रमानेच येईल. चॅनेलचे नाव वक्त्याच्या जागी लिहू नका, ते प्लॅटफॉर्मसोबत द्या. मार्गदर्शकांनी एपीए सांगितले असेल तर मात्र यूट्यूबसाठी चॅनेल आधी येते, वक्ता मजकुरात. पॉडकास्टला भागाचे नाव हवेच.

सर्वाधिक गोंधळ तारखेत होतो. समजा, शाहू महाराजांच्या १९०२ च्या आरक्षण आदेशावरचे व्याख्यान २०११ मध्ये झाले आणि २०१९ मध्ये अपलोड झाले. सूचीत २०१९ जाईल, २०११ मजकुरात सांगा. यूट्यूबवर ‘इतक्या वर्षांपूर्वी’ एवढेच दिसले तर वर्णन उघडा, पूर्ण तारीख तिथे मिळते.

वेळ सूचीत नको. ती पृष्ठक्रमांकासारखी मजकुरातल्या कंसात येते: (पवार, २०१९, ४१:२०). वाक्य सुरू होते तो क्षण घ्या, आणि व्हिडिओ पुन्हा लावून तपासा.